इको ४५ टक्के म्हणतो: हर-टूचं औषध थांबवायचं का, आणि परत कधी सुरू करायचं?

सुरुवातीलाच सांगतो, खाली जिची हकिकत आहे ती एकच एक बाई नाही. पुण्यात हृदयरोगाची प्रॅक्टिस करताना कॅन्सरच्या डॉक्टरांकडून अशा रुग्ण नेहमी येतात. त्यांच्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी जुळवून हे प्रकरण रचलं आहे. आकडे आणि औषधं मात्र अशा रुग्णांत प्रत्यक्ष असतात तशीच आहेत.

काकूंचं वय ५४. सिंहगड रोडला घराजवळच त्यांचं पोळी-भाजी केंद्र. ब्लड प्रेशरसाठी आठ वर्षं अमलोडिपिनची एक गोळी चालू, डायबेटिस नाही. डाव्या स्तनात तीन सेंटीमीटरची गाठ निघाली आणि काखेतल्या दोन गाठींतही कॅन्सर पोचला होता. नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर निगेटिव्ह आणि हर-टू ३+ होतं. हर-टू म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसलेला, वाढीचा संदेश आत पोचवणारा रिसेप्टर. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण दर सहा रुग्णांमागे एकीच्या गाठीत तो प्रमाणाबाहेर असतो. तपासणीत ०, १+, २+ आणि ३+ अशी श्रेणी देतात. २+ असेल तर फिश ही जनुकाची तपासणी करून खात्री करावी लागते, ३+ला ती गरज नसते.

काकूंना आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडचे चार डोस झाले, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘लाल किमो’. मग मार्चपासून आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि त्याच्याबरोबर दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब. हीच ती हर-टूला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी. तिचा पहिला डोस वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढचे ६ मिलिग्रॅम. काकूंचं वजन तेव्हा ६१ किलो होतं, म्हणून पहिल्या वेळी ४८८ मिलिग्रॅम आणि नंतर ३६६. एकूण १८ डोस, साधारण एक वर्ष. जूनमध्ये पॅक्लिटॅक्सेल संपलं आणि रेडिएशन झालं. ट्रास्टुझुमॅब मात्र अखंड चालू राहिलं.

या औषधावर असताना दर तीन महिन्यांनी टू-डी इको करायचा असतो. काकूंचे इको असे होते. लाल किमोच्या आधी ईएफ, म्हणजे हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी, ६३. ट्रास्टुझुमॅबच्या आधी, मार्चमध्ये ६०. जूनमध्ये ५७. आणि सप्टेंबरमध्ये, दहाव्या डोसच्या आदल्या दिवशी, घराजवळच्या एका सेंटरमध्ये केलेल्या इकोत ४५.

दहावा डोस थांबला. दोन दिवसांनी काकू, त्यांचा मुलगा आणि सूनबाई माझ्यासमोर बसले होते.

मुलाने पहिला प्रश्न विचारला तो बहुतेक सगळेच विचारतात. “डॉक्टर, म्हणजे आईचं हृदय निम्म्याहून जास्त निकामी झालंय का?” ईएफ हा शंभरपैकी मार्कांचा आकडा नाही, हे आधी सांगावं लागतं. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं गेलं, एवढंच तो सांगतो. धडधाकट माणसाचंही ५५ ते ६५च्या आसपास असतं, कारण कप्पा कधीच पूर्ण रिकामा होत नाही. तेव्हा ४५ म्हणजे बिघाड आहे, पण ‘निम्मं हृदय गेलं’ असा त्याचा अर्थ नाही.

मग मी काकूंना विचारलं, “दम लागतो का?”

“नाही हो, दम असा नाही. गणपतीत मोदकांची ऑर्डर होती ना, त्याने दमले असेन. आणि खोकला आहे, पण हवाच तशी आहे.”

असं उत्तर आलं की प्रश्न बदलावा लागतो. आधी किती कणीक एका दमात मळत होता? तीन किलो. आणि आता? एक किलो मळली की स्टुलावर बसतात, मग बाकीची सूनबाई मळतात. हे कधीपासून? ऑगस्टपासून. खोकला कधी येतो? “रात्री. आडवं पडलं की.” उशा किती घेता? यावर सूनबाईंनीच उत्तर दिलं, “आई, तुम्ही दोन घेता आता. आधी एक होती.” पायावर सूज जाणवण्याइतकी नव्हती, पण संध्याकाळी चपलेचा पट्टा एक भोक सैल करावा लागत होता.

दम लागत नाही असं सांगणारी बाई आपलं काम कमी करून तो टाळत असते. किमो झालेल्या प्रत्येक बाईला थकवा असतोच, त्यामुळे ‘थकवा आहे का’ या प्रश्नातून काहीच हाती लागत नाही. आडवं झाल्यावर येणारा खोकला आणि वाढलेली उशी या गोष्टी मात्र हृदयाकडे बोट दाखवतात.

आता ४५ या आकड्याकडे वळू. रिपोर्टवर ईएफ कोणत्या पद्धतीने मोजलं ते लिहिलेलं नव्हतं. सोबतच्या चित्रांवरून ते एम-मोडने काढलेलं दिसत होतं. त्यात कप्प्याची रुंदी एकाच रेषेवर मोजतात आणि त्यावरून सूत्राने पूर्ण आकारमान धरतात. रेषा जरा तिरकी गेली की आकडा हलतो. चांगल्या हातातही टू-डी इकोचा आकडा दोन वेळांत ५ ते १० टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. मार्च आणि जूनचे इको दुसऱ्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मशीनवर, दोन दिशांनी कडा आखून मोजलेले होते. म्हणजे ५७वरून ४५ या घसरणीत थोडी घसरण हृदयाची असेल आणि थोडी मोजणीतल्या फरकाची. दोन्ही वेगळं केल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

म्हणून त्याच आठवड्यात मार्च-जूनच्या त्या हॉस्पिटलात, त्याच मशीनवर इको परत केला. ईएफ ४८ आलं. हा आकडा एकटा आला असता तर कदाचित वादच झाला असता. पण त्या हॉस्पिटलात मार्चपासून स्ट्रेनही मोजलेला होता. स्ट्रेन म्हणजे ठोक्याच्या वेळी हृदयाचा स्नायू लांबीत किती टक्के आखडतो ते. तो उणे चिन्हाने लिहितात, पण इथे सोयीसाठी ते चिन्ह सोडतो. मार्चमध्ये १९.८ होता, जूनमध्ये १८.४ आणि आता १५.१. मूळ आकड्याच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर ती खरी मानतात. इथे ती जवळजवळ २४ टक्के होती. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं एनटी-प्रोबीएनपी ६४० आलं, हृदयाच्या पेशींना इजा झाली की वाढणारं ट्रोपोनिन नॉर्मल. हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे थोडा अशक्तपणा होता, पण त्याने रात्रीचा खोकला येत नाही. थायरॉइड ठीक होता. रेडिएशनचा हृदयावरचा परिणाम बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनंतर दिसतो, म्हणून तोही बाजूला ठेवला.

निष्कर्ष असा निघाला की ४५ हा आकडा थोडा फुगवून वाईट आला होता, पण बिघाड खरा होता.

हे का होतं, ते आता सांगतो. हर-टू फक्त गाठीत असतो असं नाही, हृदयाच्या स्नायूच्या पेशीवरही तो थोडा असतो. तिथे न्यूरेग्युलिन नावाचा संदेश त्याच्या जोडीदार रिसेप्टरला येऊन मिळतो आणि दोघं मिळून पेशीला ताण सोसायला, झालेली मोडतोड भरून काढायला मदत करतात. ट्रास्टुझुमॅबने ही वाट अडते. एरवी विशेष बिघडत नाही. पण आधी लाल किमोने पेशींना इजा झालेली असेल, वर ब्लड प्रेशरचा भार असेल, तर दुरुस्ती हवी तेव्हाच दुरुस्तीवाल्याचा फोन लागत नाही, अशी गत होते.

ही गोष्ट डॉक्टरांना मोठ्या किमतीवर कळली. अमेरिकेत १९९८ साली ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली तेव्हाच्या मुख्य चाचणीत लाल किमो आणि ट्रास्टुझुमॅब एकाच वेळी दिलेल्या स्त्रियांपैकी २७ टक्क्यांमध्ये हृदयाचा बिघाड दिसला. लाल किमो एकटीच दिलेल्यांमध्ये ८ टक्के आणि पॅक्लिटॅक्सेलबरोबर ट्रास्टुझुमॅब दिलेल्यांमध्ये १३ टक्के. म्हणूनच आज दोन्ही एकत्र देत नाहीत, लाल किमो संपवून मग अँटिबॉडी सुरू करतात. लाल किमो पूर्ण टाळून डोसेटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनबरोबर ट्रास्टुझुमॅब देण्याचाही एक पर्याय आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्या गटात हार्ट फेल्युअर ०.४ टक्के होतं आणि लाल किमोनंतर ट्रास्टुझुमॅब दिलेल्या गटात २ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या, ब्लड प्रेशर असलेल्या बाईबाबत सुरुवातीलाच या पर्यायाचा विचार व्हावा असं माझं मत आहे. काकूंच्या बाबतीत मात्र तो टप्पा मागे पडला होता.

यात एक दिलासाही आहे. लाल किमोने मेलेली पेशी परत येत नाही. ट्रास्टुझुमॅबने बहुतेक वेळा पेशी मरत नाही, ती आखडेनाशी होते, आणि औषध थांबवून उपचार केले तर बरेचदा सावरते. काकूंच्या हृदयाला या दोन्हींचा मार बसला होता. किती भाग कुणाचा, हे त्या दिवशी सांगता येत नव्हतं. ते काळच दाखवणार होता.

औषधाच्या माहितीपत्रकातला नियम स्पष्ट आहे. ईएफ सुरुवातीच्या आकड्यापेक्षा १६ किंवा जास्त अंकांनी घसरलं, किंवा नॉर्मलच्या खाली जाऊन १० किंवा जास्त अंकांनी घसरलं, तर निदान चार आठवडे थांबवायचं. चार ते आठ आठवड्यांत नॉर्मलला आलं तर परत सुरू करता येतं. आठ आठवड्यांनंतरही खालीच राहिलं तर कायमचं बंद. काकू दुसऱ्या कलमात बसत होत्या, ६०वरून ४८.

पण हा नियम जुन्या काळचा, सावधपणाचा आहे. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की ईएफ ४० ते ४९ असलं आणि त्रास काहीच नसला, तर हृदयाची औषधं चालू करून, दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी बोलून, अँटिबॉडी चालू ठेवता येते. सेफ-हार्ट नावाच्या एका छोट्या चाचणीत ४० ते ४९ ईएफच्या जवळपास तीस रुग्णांना हृदयाच्या औषधांच्या आधाराने हर-टूचे उपचार दिले, आणि दहापैकी नऊ जणांचे ते पूर्ण झाले. त्यामुळे आकडा ५०च्या खाली गेला की घाबरून बंद करायचं, असं आज राहिलेलं नाही.

काकूंचं मात्र वेगळं होतं, त्यांना लक्षणं होती. रात्रीचा खोकला आणि जास्तीची उशी असताना पुढचा डोस घालणं मला पटलं नाही. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, “चार आठवडे देतो. त्याहून जास्त थांबायला मला आवडणार नाही.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. डोस थांबवून हृदयाची चिंता मिटते, पण कॅन्सरची सुरू होते. काखेत पोचलेला आणि हार्मोनची गोळी चालणार नाही असा हा कॅन्सर होता, आणि त्याच्याविरुद्ध काकूंच्या हातात मुख्य शस्त्र हेच होतं.

उपचार ठरवताना एक छोटी पण महत्त्वाची निवड होती. अशा वेळी एक तर रामिप्रिलसारखी एसीई गटातली गोळी देतात किंवा लोसार्टनसारखी. रामिप्रिलने काही जणांना कोरडा खोकला सुरू होतो. काकूंचा खोकला हा आमच्यासाठी हृदयाची खूण होता. ती खूण पुसट व्हायला नको होती, म्हणून लोसार्टन २५ मिलिग्रॅम दिली आणि अमलोडिपिन बंद केली. त्या गोळीनेही पायावर सूज येते, आणि तो गोंधळही नको होता. जोडीला कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दोन वेळा. पाणी कमी करायला थोडे दिवस टॉर्सेमाइड. रोज सकाळी, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न पाहता फोन करायचा, असंही सांगितलं.

इथे नातेवाईक एक गोष्ट नेहमी विचारतात: “औषध थांबवलंय, मग पुढच्या आठवड्यात इको करू का?” करू नये. ट्रास्टुझुमॅब शरीरातून फार हळू जातं, शेवटच्या डोसनंतर कित्येक आठवडे ते रक्तात असतंच. आठवड्याने केलेल्या इकोत सुधारणा दिसणार नाही, आणि घरात नुसती भीती वाढेल.

काकूंना आधी फरक जाणवला तो आडवं पडल्यावर. टॉर्सेमाइडने आठवडाभरात खोकला गेला आणि एक उशी परत कपाटात गेली. पोळ्यांचं काम सूनबाईंनी महिनाभर स्वतःकडेच ठेवलं. कार्व्हेडिलॉल १५ दिवसांनी ६.२५ केली, पुढे १२.५. नाडी १०२वरून ७४वर आली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, चार आठवड्यांनी, त्याच मशीनवर इको झाला. ईएफ ५२, स्ट्रेन १६.३. पूर्ण भरून आलं नव्हतं, पण दिशा वर होती, लक्षणं नव्हती, आणि मूळच्या ६०पासूनचं अंतर ८ वर आलं होतं.

मग खरा प्रश्न समोर आला. नऊ डोस झाले होते, म्हणजे जवळपास सहा महिने. इथेच थांबलं तर चालेल का? हा प्रश्न भलता नाही. पर्सेफोनी नावाच्या ब्रिटिश चाचणीत चार हजारांहून जास्त स्त्रियांमध्ये सहा आणि बारा महिन्यांची तुलना केली. चार वर्षांनी कॅन्सर न परतता जिवंत असलेल्यांचं प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ८९.४ टक्के आणि बारा महिन्यांच्या गटात ८९.८ टक्के निघालं. हृदयामुळे औषध सोडावं लागलेल्या स्त्रिया सहा महिन्यांच्या गटात ३ टक्के, बारा महिन्यांच्या गटात ८ टक्के. उलट फ्रान्समधल्या ‘फार’ नावाच्या चाचणीला मात्र सहा महिने पुरेसे आहेत असं सिद्ध करता आलं नाही. म्हणून एक वर्ष हेच आजही रूढ आहे.

आम्ही दोघांनी हे काकूंसमोर मांडलं. माझा कल असा होता की ईएफ ५०च्या खाली राहिलं असतं तर सहा महिन्यांवर थांबायला मी तयार होतो आणि त्याचं मला वाईट वाटलं नसतं. पण हृदय सावरतंय आणि कॅन्सर जास्त धोक्याच्या गटातला आहे, तेव्हा पुढे जावं. काकूंनी एवढंच विचारलं, “परत तसं झालं तर कळेल ना आधी?” कळण्याची शक्यता चांगली होती, कारण आता दर सहा आठवड्यांनी इको होणार होता आणि स्ट्रेन ईएफच्या आधी घसरतो.

परत सुरू करताना बहुतेक घरांत प्रश्न पडतो तो डोसचा. ठरलेली तारीख आठवड्याहून जास्त चुकली तर नुसते ६ मिलिग्रॅम देऊन भागत नाही, पहिल्यासारखा ८ मिलिग्रॅमचा डोस परत द्यावा लागतो. काकूंच्या शेवटच्या डोसला सात आठवडे झाले होते. वजन ५८ किलो, म्हणजे ४६४ मिलिग्रॅम. ४४० मिलिग्रॅमची बाटली संपून १५० मिलिग्रॅमचीही एक फोडावी लागली. मुलाने बिल बघून विचारलं की आधीपेक्षा जास्त औषध का, आईच्या हृदयाला झेपेल का? ट्रास्टुझुमॅबमुळे होणारा बिघाड एकूण डोस वाढत गेला म्हणून वाढत जातो असं दिसत नाही. त्या बाबतीत तो लाल किमोपेक्षा वेगळा आहे. त्यामुळे हा मोठा डोस मला अडचणीचा वाटला नाही. पहिल्या वेळेसारखाच तो दीड तास सावकाश चालवला आणि नंतर काही वेळ काकूंना तिथेच बसवून ठेवलं.

नोव्हेंबरच्या मध्याला ईएफ ५३, स्ट्रेन १६.६. जानेवारीत ५५ आणि १७.४. त्याच महिन्यात पोळी-भाजी केंद्रातल्या गॅस शेगडीसमोर उभं राहून चक्कर आल्याचा एक फोन आला. ब्लड प्रेशर ९८ निघालं. लोसार्टन रात्रीवर ढकलली आणि टॉर्सेमाइड बंद केली. हृदय आणि अँटिबॉडी यांचा त्यात काही संबंध नव्हता. मार्चअखेर अठरावा डोस झाला. त्या वेळी ईएफ ५६ आणि स्ट्रेन १७.८, म्हणजे आदल्या वर्षीच्या मार्चमधल्या १९.८ला तो पोचलाच नाही. हा उरलेला फरक बहुधा लाल किमोचा हिस्सा असावा.

आता वाद आहे तो गोळ्यांचा. काकूंना त्या बंद हव्यात, आणि कार्व्हेडिलॉलने हात गार पडतात अशी त्यांची तक्रार आहे. ब्लड प्रेशरसाठी लोसार्टन तशीही लागणारच. कार्व्हेडिलॉल मी निदान वर्षभर चालू ठेवणार आहे. तीन महिन्यांनी एक इको आणि वर्षाने एक. वर्षाच्या इकोत स्ट्रेन १८च्या आसपास टिकला, तर डोस निम्मा करून सहा आठवड्यांनी परत मोजू.